आरसीवर जादव, पॉलिसीवर जाधव

मोटार विम्याचा हप्ता भरताना पावतीवर एक छोटी रक्कम दिसते. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची. बहुतेक जण ती भरतात आणि विसरतात. या रकमेच्या बदल्यात 15 लाख रुपयांचं संरक्षण मिळतं: गाडी चालवताना मालकाचा मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर त्याला किंवा त्याच्या वारसांना ही रक्कम मिळते. मात्र पॉलिसीच्या बारीक अक्षरांत तिच्यासाठी तीन अटी लिहिलेल्या असतात. चालवणारी व्यक्ती गाडीची नोंदणीकृत मालक असली पाहिजे, पॉलिसीत विमाधारक म्हणून तिचंच नाव असलं पाहिजे आणि तिच्याकडे वैध लायसन्स असलं पाहिजे.

पहिल्या दोन अटी एकत्र वाचल्या की मुद्दा लक्षात येतो. आरसीवरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव एकाच व्यक्तीचं आहे हे कागदावरून दिसायला हवं. ते दिसलं नाही, तर सिद्ध करायची जबाबदारी येते ती अपघातानंतर, आणि तीही अशा माणसांवर, ज्यांचं चित्त तेव्हा कागदपत्रांत असण्याची शक्यता कमीच.

आता नाव वेगळं पडतं कसं, ते पाहू. नवी गाडी घेताना विमा आधी निघतो आणि नोंदणी नंतर होते, कारण विमा नसेल तर आरटीओ नोंदणीच करत नाही. ही दोन्ही कामं बहुधा शोरूममधल्या एकाच टेबलावर होतात. नोंदणीची माहिती ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत डीलरचा माणूस भरतो. संध्याकाळी गर्दीच्या वेळी, धनत्रयोदशीच्या किंवा पाडव्याच्या आदल्या दिवशी, शंभर नावं टाइप करताना एखाद्या आडनावातला एच गळतो. आरटीओने मंजुरी देईपर्यंत ही चूक डीलरच्या पातळीवर सुधारता येते. मंजुरी मिळून नंबर पडला, की ती सरकारी नोंद होते आणि सुधारायला अर्ज लागतो. म्हणून शोरूममध्ये गाडीच्या रंगाइतकाच वेळ त्या स्क्रीनवरच्या नावाला दिला तर पुढचं सगळं टळतं.

दुसरं कारण विम्याच्या बाजूने आलं आहे. 1 जानेवारी 2023 पासून नवी पॉलिसी घेताना केवायसी सक्तीची झाली. त्याआधी अर्जात लिहाल ते नाव पॉलिसीवर छापलं जायचं. आता कंपनी पॅन किंवा आधारच्या नोंदीवरून नाव उचलते. त्यामुळे आधी आरसी बघून काढलेल्या पॉलिसीवर जे नाव वर्षानुवर्षं जुळत होतं, ते अचानक जुळेनासं झालं. मराठी नावांना तर याचा खास ताप आहे. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी आपली तिहेरी रचना. कुठे आडनाव पुढे, कुठे मागे. ‘वाहन’ प्रणालीत मालकाच्या नावाचा रकाना वेगळा आणि वडिलांच्या-पतीच्या नावाचा वेगळा, त्यामुळे मधलं नाव कधी पहिल्या रकान्यातून गायब होतं, तर कधी दोन्हीकडे येतं. त्यात लग्नाआधीच्या नावाने घेतलेली स्कूटर आणि लग्नानंतर बदललेलं आधार.

प्रत्येक फरकाने घाबरून जायचं कारण नाही. आडनाव पुढे की मागे, मधलं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून दावा अडत नाही. कंपनीचा सर्वेक्षक गाडीची ओळख चेसिस नंबर आणि इंजिन नंबरवरून पटवतो, आणि पत्ता, लायसन्स, आधार जुळत असलं तर माणसाचीही ओळख पटते. आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर प्रश्न विचारले जातात, आणि ते नाव वेगळ्याच माणसाचं वाटण्याजोगं असेल तर दावा थांबतो. आणि आरसीवर खरोखरच दुसऱ्या माणसाचं नाव असेल, म्हणजे जुन्या मालकाचं, तर ही चूक दुरुस्तीची उरतच नाही. ते हस्तांतरण आहे, आणि त्याचे नियम वेगळे.

जुन्या गाडीचा व्यवहार हाच या सगळ्यातला सर्वांत निसरडा टप्पा आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा.

मोटार वाहन कायदा 1988 मधलं कलम 50 सांगतं की, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. यासाठी फॉर्म 29 आणि फॉर्म 30 असतात. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर मूळ आरटीओची ना-हरकत लागते, तो फॉर्म 28. विम्याबद्दल कलम 157 वेगळी मुदत घालतं: गाडी घेतल्यापासून 14 दिवसांत घेणाऱ्याने विमा कंपनीकडे अर्ज करायचा. म्हणजे गंमत बघा, आरसीसाठी महिना आणि विम्यासाठी पंधरवडा. नवं आरसी हातात येण्याआधीच विम्याची मुदत संपू शकते. ‘आरसी आलं की मग विम्याचं बघू’ असं म्हणणारा माणूस तिथेच चुकतो. फॉर्म 29 आणि 30 च्या प्रती, विक्रीची पावती, जुन्या मालकाचं संमतीपत्र आणि नवा प्रस्ताव अर्ज घेऊन विमा कंपनीला आधीच कळवायचं आणि अर्जाची पोच घ्यायची. नवं आरसी आलं की त्याची प्रत नंतर जोडता येते.

या 14 दिवसांत काय होतं आणि काय होत नाही, याबद्दल मोठा गैरसमज आहे. कायद्यानुसार गाडीबरोबर विमाही नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं. पण सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केलं की, हे गृहीत धरणं फक्त तृतीय पक्षाच्या जबाबदारीपुरतं आहे. त्या प्रकरणात एका कंपनीने मोटार विकत घेतली होती, आरसी तिच्या नावावर झालं होतं, पण पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर होती. गाडीला अपघात झाला आणि गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळाली नाही. कारण विमा कंपनीचा करार जुन्या मालकाशी होता, आणि नव्याशी झालेलाच नव्हता. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला इजा झाली तर त्याची भरपाई विम्यातून होईल. आपली गाडी चेपली तर तो खर्च आपल्या खिशातून.

उलट बाजूही तितकीच कडक आहे. गाडी विकून टाकली पण आरसीवर नाव आपलंच राहिलं, तर? 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांतून गेली होती आणि नोंद पहिल्याच मालकाची राहिली होती. अपघाताची भरपाई कुणी द्यायची, या प्रश्नावर न्यायालयाने सांगितलं की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. अपघातग्रस्ताने एकामागून एक झालेल्या विक्री-करारांच्या मागे धावत बसायचं नाही. त्यामुळे नाव बदलण्याची घाई घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला जास्त असायला हवी. प्रत्यक्षात पैसे मिळाले की विकणारा सह्या करून मोकळा होतो. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरांसाठी नवे नियम लागू झाले आहेत आणि अशा डीलरकडे गाडी सोपवल्याची आरटीओला रीतसर नोंद देता येते. ती सोय वापरणं विकणाऱ्याच्याच हिताचं.

पॉलिसी हस्तांतरित करताना एक आकडा अनेकांना चकित करतो. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पाच वर्षं दावा न करणाऱ्या जुन्या मालकाला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्के सूट मिळत असेल, तर ती त्याच्याबरोबर जाते. तो ती तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीसाठी वापरू शकतो. घेणाऱ्याला मात्र फरक भरावा लागतो. समजा, सूट नसती तर त्या भागाचा वर्षाचा हप्ता 10,000 रुपये झाला असता आणि जुन्या मालकाने 5,000 भरले. पॉलिसीचे सहा महिने शिल्लक असताना गाडी विकली, तर घेणाऱ्याला साधारण 2,500 रुपये आणि वर थोडं शुल्क भरावं लागेल. हे पैसे वाचवण्यासाठी काही जण पॉलिसी जुन्या नावावरच चालू ठेवतात. त्याचा हिशेब वर 1995 च्या प्रकरणात आलाच आहे.

आता खऱ्या दुरुस्तीकडे येऊ. समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेने पाच वर्षं जुनी मोटार घेतली. 14 दिवसांत विमा कंपनीला कळवलं, 30 दिवसांत आरटीओत अर्ज केला, सगळं रीतसर. उदाहरणादाखल त्यांचं आधारवरचं नाव असं धरू:

```
SUNANDA VITTHAL JADHAV
```

केवायसीमुळे पॉलिसीवरही हेच आलं. महिन्याभराने टपालाने आरसीचं कार्ड आलं, त्यावर असं:

```
SUNANDA JADAV
W/O: VITTHAL JADAV
```

मधलं नाव मालकाच्या रकान्यात नाही, हा किरकोळ फरक. ते पतीच्या रकान्यात आलंच आहे. आडनावातला एच गेला, हा दुरुस्त करण्याजोगा.

पहिला प्रश्न असा की, चुकीचा कागद कुठला? पुष्कळ जण सोपं म्हणून पॉलिसीच बदलून घेतात. विमा कंपनीला एक ईमेल केला की एंडोर्समेंट मिळते, म्हणजे पॉलिसीला जोडलेली अधिकृत दुरुस्ती-नोंद. आरटीओच्या रांगेपेक्षा हे केव्हाही हलकं. पण पॉलिसीवर मुद्दाम चुकीचं स्पेलिंग घातलं तर ती आधार, पॅन आणि बँक खात्याशी जुळणार नाही, आणि दाव्याची रक्कम शेवटी बँक खात्यातच येते. म्हणून कसोटी एकच: आधार आणि पॅनशी ज्या कागदाचं नाव जुळत नाही, तो बदलायचा. आरसी बरोबर आणि पॉलिसी चूक असेल तर आनंदाने एंडोर्समेंट घ्यावी. इथे आरसी चूक आहे.

दुसरा प्रश्न: कार्ड चुकलं की नोंदच चुकली? हे घरी बसून कळतं. mParivahan किंवा DigiLocker वर गाडीचा नंबर टाकून आरसी उघडायचं. कार्डावर चूक आणि तिथे बरोबर असेल तर छपाईचा घोळ आहे. दोन्हीकडे चूक असेल तर ‘वाहन’मधली नोंदच चुकीची भरली गेली. शिक्षिकाबाईंच्या बाबतीत दोन्हीकडे JADAV होतं.

तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा: मूळ अर्जात काय लिहिलं होतं? फॉर्म 30 वर घेणाऱ्याचं नाव स्वतःच्या सहीने लिहिलेलं असतं. त्याची प्रत जपून ठेवली असेल आणि तिच्यावर JADHAV असेल, तर चूक टंकनाची आहे हे कागदच बोलतो. अर्जदाराने खर्च करून नाव बदलण्याचा प्रश्न येत नाही. अर्जात जे मागितलं ते नोंदवलं गेलं नाही, एवढंच म्हणणं असतं. उलट अर्जातच JADAV लिहिलं गेलं असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागू शकतं. आणि नाव खरोखरच बदललेलं असेल, म्हणजे लग्नामुळे किंवा राजपत्रात नाव बदलून, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत हा पुरावा. तेव्हा दुरुस्ती मागू नये, नावबदल मागावा. चुकीच्या शीर्षकाखाली केलेला अर्ज परत येतो आणि माणसाला वाटतं की आरटीओवाले मुद्दाम फिरवतात.

शिक्षिकाबाईंनी आपल्या आरटीओच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहिला. गाडीचा नंबर, चेसिसचे शेवटचे पाच आकडे, आत्ता नोंदीत काय आहे, काय हवं आहे, आणि का. दोन स्पेलिंगं मोठ्या अक्षरांत एकाखाली एक. सोबत मूळ आरसी, आधार आणि पॅन, फॉर्म 30 ची प्रत, हस्तांतरणाच्या शुल्काची पावती आणि चालू विम्याची प्रत. कार्यालयागणिक कागदांची यादी थोडी बदलते. काही ठिकाणी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेली छाप मागतात, तर काही ठिकाणी गाडीच दाखवायला सांगतात. खिडकीवरचा कारकून आधी जुनी नोंद उघडतो, अर्जाच्या वेळी अपलोड झालेले कागद पाहतो आणि दुरुस्ती वरिष्ठाच्या मंजुरीसाठी पुढे पाठवतो. मंजुरीनंतर डिजिटल आरसी आधी बदलतं. नवं कार्ड छापून घ्यायचं तर त्याचं शुल्क वेगळं, आणि महाराष्ट्रात ते कार्ड स्पीड पोस्टने नोंदणीतल्या पत्त्यावर येतं. पत्ता जुना असेल तर ते परत आरटीओत जातं. म्हणून नावाबरोबर पत्त्यावरही एक नजर टाकलेली बरी.

काम अडतं ते बहुधा तीन ठिकाणी. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेच्या बोजाची नोंद असते आणि मालकाच्या नावाला हात लावायचा म्हणजे बँकेचं पत्र हवं. कर्ज फिटलं असेल पण बोजा उतरवला नसेल, तर आधी बँकेकडून फॉर्म 35 आणि ना-हरकत आणून तो काढावा लागतो. दुसरी अडचण मोबाईलची. ‘वाहन’मध्ये जुन्या मालकाचा किंवा डीलरचा नंबर राहिलेला असतो आणि ओटीपी भलत्याच्याच फोनवर जातो. गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात मोबाईल नंबर बदलून घेणं हे सगळ्यांत स्वस्त काम, आणि नेमकं तेच राहून जातं. तिसरी अडचण थकलेल्या ई-चलनांची. जुन्या मालकाची चलनं गाडीच्या नंबरावर उरलेली असतात आणि कार्यालय ती भरल्याशिवाय पुढे जात नाही. एजंटकडे काम दिलं तरी या तिन्ही गोष्टी मालकालाच कराव्या लागतात. एजंट फारतर रांगेत उभा राहतो.

दुरुस्ती चालू असतानाच अपघात झाला तर? घाबरून पॉलिसी बदलायला जाऊ नये. आरटीओच्या अर्जाची पोच, चूक असलेलं आरसी आणि फॉर्म 30 ही तीन कागदं सर्वेक्षकाला एकत्र द्यावीत. स्पेलिंगची चूक आधीच कळवलेली आहे, हे पोचेवरच्या तारखेवरून दिसतं. अपघातानंतरच्या तारखेचा अर्ज मात्र संशय वाढवतो.

स्पेलिंगचा फरक सर्वांत जास्त बोचतो तो गाडी चोरीला गेल्यावर. चोरीच्या दाव्यात कंपनी पूर्ण रक्कम देते, पण त्या बदल्यात गाडीवरचे हक्क स्वतःकडे घेते. त्यासाठी विमाधारकाकडून गाडीच्या सगळ्या चाव्या, मूळ आरसी आणि सही केलेले फॉर्म 28, 29 आणि 30 मागून घेतले जातात. हे फॉर्म नोंदणीकृत मालकाच्या नावाने आणि सहीनेच भरावे लागतात. पॉलिसी एका नावावर आणि आरसी दुसऱ्या, तर पैसे ज्याला द्यायचे तो आणि फॉर्मवर सही ज्याची हवी तो, हे दोघं एकच असल्याचं आधी ठरवावं लागतं. गाडी हातात नसते, तेव्हा पेन्सिलने चेसिस नंबरची छापही घेता येत नाही.

नाव दुरुस्त झाल्यावर आणखी एक काम उरतं. आरसीची नवी प्रत विमा कंपनीला पाठवून नोंद जुळवून घ्यावी, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण करताना स्क्रीनवर आपोआप भरलेलं नाव वाचूनच पैसे भरावेत. तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर गाडीचा नंबर टाकला की नाव आणि तपशील आपसूक भरले जातात, आणि ती माहिती कधीकधी दुरुस्तीच्या आधीची, तर कधी चक्क आधीच्या मालकाची असते. गेल्या वर्षीच्या कंपनीने JADHAV केलेलं, नव्या कंपनीकडे पुन्हा JADAV होऊन येतं, आणि ते नाव पॉलिसी छापली गेल्यावर फिरवायचं तर पुन्हा एंडोर्समेंट.